पैसे हातात आले नाहीत, तरी विक्री झालीच

प्रश्न : मी शिरोळला राहतो. प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालो आहे, वय ६६. वर्षाला सहा लाख रुपये पेन्शन मिळते, बाकी उत्पन्न नाही. जमीन आता मुलगा बघतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये ऊसबिलाचे दोन लाख रुपये मी एका म्युच्युअल फंडाच्या शेअर्सच्या योजनेत गुंतवले होते. जून २०२५ मध्ये त्याच योजनेत आणखी एक लाख भरले. ऑक्टोबरमध्ये फंडाचं काम बघणारे आमचे ओळखीचे गृहस्थ म्हणाले, ‘गुरुजी, त्याच कंपनीची दुसरी योजना चांगली आहे, तिकडे स्विच करू.’ केलं. मार्च २०२६ मध्ये बाजार घसरला, तेव्हा त्यातली साधारण निम्मी रक्कम भीतीपोटी लिक्विड योजनेत वळवली. या सगळ्यात एक रुपयाही माझ्या बँक खात्यात आला नाही. आता आयकर खात्याच्या संकेतस्थळावरच्या वार्षिक माहिती पत्रकात माझ्या नावावर ७ लाख ७२ हजारांची विक्री दिसते आहे! मी एकूण तीन लाख भरले, आज सगळं मिळून पाच लाखांच्या आतच आहे. मग पावणेआठ लाखांची विक्री आली कुठून? आणि मूळ पैसा उसाचा असताना, वर उत्पन्न बारा लाखांच्या आत असताना, मला कर कसा काय लागेल?
— एक निवृत्त शिक्षक, शिरोळ

उत्तर : गुरुजी, माहिती पत्रकातला आकडा बरोबर आहे, पण तो तुमच्या उत्पन्नाचा आकडा नाही. तुमच्या हातून दोन वेळा विक्री झाली, त्या दोन विक्रींच्या रकमांची ती बेरीज आहे. नफा वेगळा काढावा लागतो आणि तो प्रत्येक स्विचचा स्वतंत्र काढावा लागतो. तुमच्या खात्याच्या उताऱ्यातले आकडे तुम्ही सोबत पाठवले, हे बरं केलं. त्यांच्याच आधारे पुढचा हिशोब मांडला आहे.

आधी स्विच म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू. तुम्ही एका अर्जावर एक सही केली आणि ‘पैसे इकडून तिकडे गेले’ असं तुम्हाला वाटलं. फंडाच्या दप्तरात मात्र दोन नोंदी झाल्या. पहिल्या योजनेतले तुमचे युनिट त्या दिवशीच्या एनएव्हीने फंडाने परत घेतले आणि ते रद्द झाले. त्यातून आलेल्या रकमेने दुसऱ्या योजनेचे नवे युनिट तुमच्या नावावर दिले गेले. उताऱ्यात पहिली नोंद ‘स्विच आऊट’ म्हणून दिसते आणि दुसरी ‘स्विच इन’ म्हणून. दोन्ही योजना एकाच कंपनीच्या असल्या, तरी प्रत्येक योजनेची मालमत्ता वेगळी, तिचे युनिटधारक वेगळे आणि तिचा हिशोबही वेगळा असतो. पहिल्या योजनेतला तुमचा हक्क संपला आणि दुसऱ्या योजनेत नवा हक्क सुरू झाला.

आयकर कायदा नेमकं हेच पाहतो. १९६१ च्या कायद्यात कलम ४५ प्रमाणे भांडवली मालमत्तेच्या हस्तांतरणातून झालेला नफा करपात्र आहे. हस्तांतरणाची व्याख्या कलम २(४७) मध्ये आहे आणि तिच्यात विक्रीबरोबर अदलाबदल आणि हक्क सोडणं हेही येतं. रोख रक्कम हातात पडली पाहिजे अशी अट तिथे नाही. कोल्हापूरच्या सराफाला जुना साज देऊन त्याच किमतीच्या पाटल्या घेतल्या, तर रुपया हातात येत नाही, पण साज मात्र गेलेला असतो. कायद्याच्या दृष्टीने तेही हस्तांतरणच आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला, पण तुमचे दोन्ही स्विच त्याआधीचे, म्हणजे आर्थिक वर्ष २०२५-२६ मधले आहेत. त्यांना जुनाच कायदा लागू पडतो.

आता तुमचे आकडे घेऊ. पहिल्या योजनेला ‘अ’ म्हणू, दुसरीला ‘ब’.

‘अ’ योजनेत १० फेब्रुवारी २०२१ रोजी तुम्ही २,००,००० रुपये भरले, तेव्हा एनएव्ही ४० रुपये होती. तुम्हाला ५,००० युनिट मिळाले. १२ जून २०२५ रोजी १,००,००० भरले, तेव्हा एनएव्ही ८० होती. १,२५० युनिट मिळाले. मुद्रांक शुल्काचे काही रुपये हिशोब सोपा राहावा म्हणून मी सोडून दिले आहेत.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘अ’ची एनएव्ही ८४ असताना तुम्ही सगळे ६,२५० युनिट स्विच केले. त्यांची किंमत झाली ५,२५,००० रुपये. स्विच एकच, अर्जही एकच, पण त्यात दोन वेगवेगळ्या दिवशी घेतलेले युनिट होते. म्हणून हिशोबाचे दोन तुकडे पडतात.

पहिला तुकडा २०२१ च्या ५,००० युनिटांचा. विक्री ४,२०,०००, खरेदी २,००,०००, नफा २,२०,०००. शेअर्सच्या योजनेचे युनिट बारा महिन्यांहून जास्त काळ ठेवले असतील, तर नफा दीर्घमुदती धरतात. हे तर साडेचार वर्षांहून जुने आहेत, म्हणून हा नफा दीर्घमुदती.

दुसरा तुकडा जून २०२५ च्या १,२५० युनिटांचा. विक्री १,०५,०००. पण वर्षाच्या आत बाहेर पडल्याबद्दल त्या योजनेने १ टक्का एक्झिट लोड लावला, म्हणजे १,०५० रुपये. हिशोबात धरायची विक्री १,०३,९५०, खरेदी १,००,०००, नफा ३,९५०. हे युनिट जेमतेम चार महिने तुमच्याकडे होते, म्हणून हा नफा अल्पमुदती. तुम्हाला एक रुपया न मिळताही एक्झिट लोड कापला गेला, यावरूनच फंडाच्या लेखी तुम्ही ‘अ’मधून बाहेर पडलात हे दिसतं. तो लोड तुमच्या उताऱ्यात वेगळा दाखवलेला आहे, बघून घ्या.

लोड वजा जाता ५,२३,९५० रुपये ‘ब’ योजनेत गेले. तिथे एनएव्ही २० होती, म्हणून २६,१९७.५ युनिट मिळाले. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. या नव्या युनिटांची खरेदी किंमत २० रुपये आहे आणि खरेदीची तारीख १५ ऑक्टोबर २०२५. २०२१ पासूनची ज्येष्ठता ‘अ’बरोबरच संपली. पैसा जुना असला तरी युनिट नवे आहेत, आणि मुदत युनिटाची मोजतात.

म्हणूनच मार्चचा स्विच तुम्हाला वाटतो तसा नाही. ११ मार्च २०२६ रोजी ‘ब’ची एनएव्ही १९ वर आली होती. तुम्ही १३,००० युनिट लिक्विड योजनेत वळवले. विक्री २,४७,०००. त्यातून १ टक्का लोड २,४७० गेला, राहिले २,४४,५३०. या युनिटांची खरेदी २० रुपयांनी, म्हणजे २,६०,०००. तोटा झाला १५,४७० रुपये. पाच महिन्यांचेच युनिट, म्हणून हा तोटा अल्पमुदती.

आता तुमचा ७ लाख ७२ हजारांचा आकडा उलगडेल. ऑक्टोबरची विक्री ५,२५,००० आणि मार्चची २,४७,०००. तोच पैसा दोन वेळा विकला गेला, म्हणून दोन वेळा मोजला गेला. खात्याकडे ही माहिती फंडांचे निबंधक पाठवतात. त्यांना स्विच आणि साधी विक्री यांत फरक करायचं कारण नसतं.

तुम्ही पत्रात एक हिशोब मांडला आहे : भरले तीन लाख, आज किंमत सुमारे ४ लाख ९५ हजार, म्हणजे फायदा १ लाख ९५ हजार. हा हिशोब संसारासाठी बरोबर आहे, पण करासाठी नाही. ‘ब’मध्ये तुमचे १३,१९७.५ युनिट अजून तसेच पडून आहेत. त्यांची खरेदी २,६३,९५० आणि १९ रुपयांनी आजची किंमत सुमारे २,५०,७५२. म्हणजे त्यात सुमारे १३,१९८ रुपयांचा तोटा आहे, पण तो कागदावरचा. ते युनिट विकलेले नाहीत, म्हणून तो तोटा यंदाच्या विवरणपत्रात येत नाही. झालेले व्यवहारच धरले, तर २,२०,००० अधिक ३,९५० वजा १५,४७०, म्हणजे २,०८,४८० रुपये निव्वळ नफा येतो. त्यातून कागदावरचा तोटा वजा केला की तुमचे १ लाख ९५ हजार बरोबर निघतात. सगळे आकडे जुळतात. प्रश्न फक्त कोणता नफा कधी मोजायचा याचा आहे.

कराचा हिशोब आता सरळ आहे. अल्पमुदती तोटा आधी अल्पमुदती नफ्यातून वळता होतो : १५,४७० मधून ३,९५० गेले, उरले ११,५२०. अल्पमुदती तोटा दीर्घमुदती नफ्यातूनही वळता करता येतो, म्हणून २,२०,००० चे राहिले २,०८,४८०. उलट दिशेने हे चालत नाही : दीर्घमुदती तोटा फक्त दीर्घमुदती नफ्यातूनच वळता होतो. शेअर्सच्या योजनांच्या दीर्घमुदती नफ्यावर कलम ११२अ प्रमाणे वर्षाला १,२५,००० पर्यंत कर नाही, त्यावरच्या रकमेवर १२.५ टक्के. तुमचे उरतात ८३,४८०. त्यावर कर १०,४३५ आणि ४ टक्के उपकर धरून सुमारे १०,८५० रुपये.

ऑक्टोबरच्या स्विचचा नफा आणि मार्चच्या स्विचचा तोटा आधी वेगवेगळे काढले आणि वर्षअखेरीला एकत्र आणले, हा क्रम महत्त्वाचा आहे. उलट करून आधीच सगळी गोळाबेरीज केली, तर कोणता भाग अल्पमुदती, कोणता दीर्घमुदती हेच कळत नाही, आणि दोन्हींचे दर वेगळे आहेत. तुमच्या बाबतीत तोटा होता म्हणून अल्पमुदती भाग पुसला गेला. बाजार चढला असता, तर मार्चच्या नफ्यावर २० टक्के दर लागला असता आणि त्याला सव्वा लाखाची सवलतही मिळाली नसती.

आता तुमच्या दोन शंका. मूळ पैसा उसाचा होता हे खरं. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे हेही खरं. पण ती सवलत ऊसबिलाला होती आणि ती तुम्हाला तेव्हाच मिळून गेली. त्या पैशातून घेतलेल्या युनिटांवरचा नफा जमिनीतून आलेला नाही, तो युनिटांतून आला आहे.

दुसरी शंका बारा लाखांची. नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी बारा लाखांपर्यंत कर लागत नाही, असं आपण सर्रास म्हणतो. ते कलम ८७अ च्या सवलतीमुळे, आणि ही सवलत नेहमीच्या टप्प्यांप्रमाणे निघणाऱ्या करालाच मिळते. तुमच्या सहा लाख पेन्शनमधून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली, ५,२५,००० वर ६,२५० रुपये कर निघाला आणि तो या सवलतीने शून्य झाला. स्विचच्या नफ्याला मात्र खास दर आहे. खास दराच्या कराला ही सवलत लागू नाही. त्यामुळे एकूण उत्पन्न साडेसात लाखांच्या आत असूनही १०,८५० रुपये भरावे लागतील.

हाच स्विच तुमच्या गावातल्या एखाद्या निव्वळ शेतकऱ्याने केला असता, तर उत्तर बदललं असतं. समजा, त्याला उसाखेरीज फक्त ठेवींचं ६०,००० व्याज आहे. नव्या प्रणालीत ४,००,००० ची मूळ करमुक्त मर्यादा आहे. शेतीचं उत्पन्न तिच्यात बसत नाही, व्याज बसतं. तिच्यातले ३,४०,००० मोकळे राहतात आणि भारतात राहणाऱ्या व्यक्तीला ती मोकळी जागा अशा नफ्यासाठी वापरता येते. २,०८,४८० तिच्यात सहज मावतात, म्हणून कर शून्य. तुमची ती जागा पेन्शनने भरून टाकली आहे.

विवरणपत्राचंही लक्षात घ्या. अल्पमुदती व्यवहार आहे आणि दीर्घमुदती नफा सव्वा लाखाच्या वर आहे, म्हणून तुम्हाला नेहमीचा सोपा आयटीआर-१ चालणार नाही, आयटीआर-२ भरावा लागेल. निवासी गुंतवणूकदाराच्या अशा नफ्यावर फंड टीडीएस कापत नाही. त्यामुळे वर्षभर कुणी काही सांगत नाही आणि सगळं एकदम विवरणपत्राच्या वेळी पुढे येतं. तुम्ही साठीच्या पुढचे आहात आणि धंद्याचं उत्पन्न नाही, म्हणून आगाऊ कराचं बंधन तुम्हाला नाही. विवरणपत्र भरण्याआधी कर भरा म्हणजे झालं. साठीच्या आतल्यांनी मात्र वर्षाचा कर टीडीएस वजा जाता १०,००० किंवा त्याहून जास्त होतो का, ते बघून आगाऊ कर भरावा.

हिशोबासाठी फंडाच्या निबंधकाकडून भांडवली नफ्याचं विवरण मागवून घ्या. त्यात प्रत्येक स्विचमधला प्रत्येक तुकडा खरेदीच्या तारखेसह स्वतंत्र ओळीत येतो. तुमच्या बाबतीत तीन ओळी असायला हव्यात : ऑक्टोबरच्या दोन आणि मार्चची एक. विक्रीची बेरीज माहिती पत्रकातल्या ७,७२,००० शी जुळते का ते बघा. लोड वजा केलेला असेल, तर बेरीज ७,६८,४८० येईल. एवढाच फरक असेल, तर त्यात गैर काही नाही.

प्रश्न : गुरुजींसारखंच माझंही आहे, फक्त मला अजून स्विच करायचा आहे. कर टाळता येईल का?
— एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : वरचेच आकडे घेऊन सांगतो. ‘अ’ योजनेत २०२१ च्या प्रत्येक युनिटामागे ४४ रुपये नफा होता. सव्वा लाखाची मर्यादा दर आर्थिक वर्षाला नव्याने मिळते, शिल्लक राहिली तर पुढच्या वर्षाला नेता येत नाही. ऑक्टोबरमध्ये फक्त २,८४० युनिट स्विच केले असते, तर नफा १,२४,९६० झाला असता आणि कर लागलाच नसता. जे युनिट आधी घेतले ते आधी गेले असं धरतात, म्हणून जूनच्या १,२५० युनिटांना हातही लागला नसता आणि लोडही वाचला असता. उरलेले २,१६० जुने युनिट १ एप्रिलनंतर आणि जूनचे युनिट वर्ष पूर्ण झाल्यावर वळवता आले असते.

यात एकच अडचण आहे. त्या मधल्या महिन्यांत एनएव्ही ८४ वरच थांबेल, असं कुणी सांगू शकत नाही. कर वाचवायला थांबलात आणि एनएव्ही चारेक रुपयांनी उतरली, तर वाचलेला कर त्यातच जातो. म्हणून आधी ठरवा की योजना खरोखर बदलायचीच आहे का. ते ठरल्यावर मग दोन वर्षांत विभागता येईल का ते बघा. फक्त कमिशनसाठी किंवा गेल्या वर्षीचा परतावा पाहून सुचवलेला स्विच असेल, तर कर, लोड आणि नव्याने सुरू होणारी मुदत या तीन गोष्टी त्याच्या विरोधात जातात.

प्रश्न : मी तीन वर्षं दरमहा एसआयपी केली आणि आता ती सगळी रक्कम एकदम दुसऱ्या योजनेत टाकली. यात एक नफा की छत्तीस?
— एक वाचक, कुरुंदवाड

उत्तर : विक्री एक, पण हिशोबाच्या ओळी छत्तीस. प्रत्येक हप्त्याचे युनिट वेगळ्या दिवशी, वेगळ्या एनएव्हीने घेतलेले आहेत. शेअर्सची योजना असेल, तर स्विचच्या दिवसापासून मागे मोजून बारा महिन्यांहून जुन्या हप्त्यांवरचा नफा दीर्घमुदती, त्याहून नव्या हप्त्यांवरचा अल्पमुदती. ‘मी तीन वर्षांपासून गुंतवतोय, म्हणजे सगळं दीर्घमुदती’ ही समजूत इथे अडचणीत आणते. शेवटच्या वर्षाचे हप्ते त्यात बसत नाहीत.

उलटा प्रकारही असतो. एकरकमी ऊसबिल लिक्विड योजनेत ठेवून दरमहा थोडी थोडी रक्कम शेअर्सच्या योजनेत वळवायची, त्याला एसटीपी म्हणतात. तिथे दर महिन्याला एक स्विच होतो, म्हणजे वर्षात बारा विक्री. लिक्विड योजनेचे युनिट १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर घेतलेले असतील, तर कितीही काळ ठेवले तरी नफा अल्पमुदतीच धरतात आणि तुमच्या नेहमीच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. नफा दर वेळी किरकोळ असतो, म्हणून कर फार नसतो, पण ओळी भरपूर असतात. त्या सोडून देऊ नका, कारण माहिती पत्रकात त्या सगळ्या असतात. शिरोळच्या गुरुजींनी मार्चमध्ये लिक्विड योजनेत टाकलेली रक्कम जेव्हा निघेल, तेव्हा त्यांनाही हाच नियम लागेल.

प्रश्न : योजना तीच, फक्त रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये गेलो. शिवाय २०१८ मध्ये माझी योजना आपोआप दुसरीत मिसळली, तेव्हा काहीच कर लागला नव्हता. मग आता का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : दोन्हींतला फरक तुमच्या अर्जात आहे. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाताना तुम्ही स्वतः स्विचचा अर्ज केला, एका प्लॅनचे युनिट परत दिले आणि वेगळ्या एनएव्हीचे दुसरे घेतले. गुंतवणूक त्याच शेअर्समध्ये असली, तरी ती विक्रीच धरली जाते. योजनेतला पर्याय ग्रोथवरून लाभांशाचा केला, तरी फंड तो स्विच म्हणूनच नोंदवतात.

२०१८ मध्ये मात्र निर्णय तुमचा नव्हता. सेबीने ६ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकाने प्रत्येक प्रकारात साधारण एकच योजना ठेवायला फंडांना सांगितलं आणि त्यानंतर अनेक योजना एकमेकींत विलीन झाल्या. एचडीएफसीच्या ग्रोथ आणि प्रुडन्स या योजना मिळून बॅलन्स्ड अॅडव्हान्टेज फंड झाला, तो याच काळात. अशा विलीनीकरणासाठी कलम ४७ मध्ये खास सूट आहे. ती २०१५ च्या वित्त कायद्याने योजनांना मिळाली आणि २०१६ मध्ये एकाच योजनेतल्या प्लॅनच्या एकत्रीकरणाला लागू केली गेली. शेअर्सच्या योजना आपसात किंवा बाकीच्या योजना आपसात विलीन झाल्या, तर ते हस्तांतरण धरत नाहीत. त्याहून मोलाचं म्हणजे जुनी खरेदी किंमत आणि जुनी मुदत दोन्ही नव्या युनिटांना चिकटून येतात. पुढे विकताना विलीनीकरणाच्या दिवसाची एनएव्ही धरायची नाही, मूळ खरेदीची धरायची.

युलिपमध्ये किंवा एनपीएसमध्ये ज्यांनी फंड बदलले आहेत, त्यांचाही असाच घोळ होतो. तिथे बदल विमा करारात किंवा पेन्शन खात्यातच आतल्या आत होतो, तुम्ही त्यातून बाहेर पडत नाही, म्हणून त्या वेळी कर लागत नाही. नाव दोन्हीकडे ‘स्विच’च आहे, पण म्युच्युअल फंडाला तो नियम लावू नका.

शेवटी सगळ्याच वाचकांसाठी : स्विचच्या अर्जावर सही करण्याआधी त्याच योजनेचं भांडवली नफ्याचं विवरण मागवा आणि तीन आकडे तिथेच लिहून काढा. दीर्घमुदती नफा किती होईल, अल्पमुदती किती आणि लोड किती. हे आकडे स्विच सुचवणाऱ्याला विचारा. त्याला ते सांगता येत नसतील, तर सही त्या दिवशी करू नका.